गूल्डचं गोल्डबर्ग, दोनदा

ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली. पहिल्यांदा जून १९५५मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा एप्रिल-मे १९८१मध्ये. दोन्ही वेळा जागा एकच होती : न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. पहिल्या ध्वनिमुद्रिकेने त्याला जगभर नाव मिळवून दिलं. दुसरी सप्टेंबर १९८२मध्ये बाजारात आली आणि काही आठवड्यांतच, ४ ऑक्टोबरला, तो गेला. त्यामुळे या दोन मुद्रणांभोवती एक गोष्ट आपसूक तयार झाली आहे : तरुण गूल्ड भरधाव, प्रौढ गूल्ड संथ आणि अंतर्मुख. पुरावा म्हणून मुद्रिकांच्या वेष्टनावरचे आकडे दाखवले जातात. पहिलं मुद्रण ३८ मिनिटं ३४ सेकंदांचं आहे, दुसरं ५१ मिनिटं १८ सेकंदांचं.

ही गोष्ट कितपत खरी आहे, हे पाहण्याची पद्धत या पुस्तकाचा विषय आहे. एकाच रचनेची दोन मुद्रणं समोर ठेवायची आणि तीन अंगांनी तपासायची : लय किती आहे, ती आतल्या आत कशी ताणली-आवळली जाते, आणि आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो. मधल्या अंगाला पाश्चात्त्य संगीतात रुबाटो म्हणतात. वादनाबद्दल बोलताना आपण ‘खोल’, ‘कोरडं’, ‘भावपूर्ण’ असे शब्द वापरतो, आणि ते वापरायला माझी हरकत नाही. पण दोन श्रोत्यांचं एकमत होईना, तर वाद कुठे न्यायचा याला जागा हवी. ती जागा या तीन अंगांत मिळते, मात्र ती तपासताना पावलोपावली सावध राहावं लागतं. पुस्तकातल्या सगळ्या जोड्यांपैकी प्रस्तावनेसाठी मी गूल्डची जोडी घेतली, कारण इथे रचना, वादक आणि जागा तिन्ही सारख्या आहेत. जो फरक उरतो तो बराचसा वादकाच्या निर्णयांचा असतो. ‘बराचसा’ म्हणायचं कारण पुढे येईल.

आधी एक गोष्ट मराठी वाचकासाठी स्पष्ट करायला हवी. एकाच गायकाने एकच बंदिश पंचवीस वर्षांच्या अंतराने गायली, तर दोन मैफलींत मुखडा आणि राग सोडून बाकीचे स्वर वेगळे असणार. तिथे मात्रेसमोर मात्रा ठेवून तुलना करता येत नाही, कारण दोन्हीकडे तीच मात्रा नसते. ही पद्धत चालते ती स्वर कागदावर पक्के लिहिलेले आहेत म्हणून. १७४१मध्ये छापलेल्या या रचनेत एक आरिया आहे, तिच्यावर तीस व्हेरिएशन्स आहेत आणि शेवटी तीच आरिया पुन्हा येते. आरिया बत्तीस बारची आहे, प्रत्येक बारमध्ये तीन मात्रा. म्हणजे पुनरावृत्ती न करता वाजवली तर शहाण्णव मात्रा. कोणीही वाजवली तरी त्या शहाण्णवच राहतात, आणि सगळा हिशोब त्यांवर उभा राहतो.

आणि स्वर जितके पक्के लिहिलेले आहेत, तितकंच बाकीचं मोकळं आहे. लय किती ठेवावी याबद्दल बाखने जवळजवळ काही सांगितलेलं नाही. जोरात-हळू वाजवण्याच्या खुणा व्हेरिएशन्समध्ये नाहीत, आणि असण्याचं कारणही नाही : रचना दोन पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी आहे, आणि त्या वाद्यावर बोटाच्या दाबाने आवाज लहान-मोठा होत नाही. तेव्हा पियानोवर ही रचना वाजवणारा जी लय धरतो आणि जे चढउतार करतो ते त्याचे स्वतःचे असतात.

आता वेष्टनावरच्या आकड्यांकडे येऊ. पावणेतेरा मिनिटांचा फरक म्हणजे लय तितकी उतरली, असं पहिल्या नजरेला वाटतं. पण आरियाचे आणि प्रत्येक व्हेरिएशनचे दोन भाग आहेत आणि दोन्ही भाग दोनदा वाजवावेत अशी खूण कागदावर आहे. १९५५मध्ये गूल्डने एकही पुनरावृत्ती घेतली नाही. १९८१मध्ये तेरा व्हेरिएशन्सचा पहिला भाग त्याने दोनदा वाजवला. त्यांत नऊच्या नऊ कॅनन आहेत. कॅनन म्हणजे एका आवाजाने सुरू केलेली ओळ दुसऱ्या आवाजाने थोड्या अंतराने, जशीच्या तशी किंवा ठरलेल्या नियमाने बदलून, म्हणत जाणं. या तेरा तुकड्यांमध्ये १९८१च्या मुद्रणात दोनाऐवजी तीन भाग वाजतात, म्हणजे त्यांच्या वेळेतला एक-तृतीयांश निव्वळ पुनरावृत्तीचा. तेरांचा वेळ एकत्र केला तर साधारण साडेवीस मिनिटं होतात. त्याचा तिसरा हिस्सा जवळजवळ सात मिनिटं. म्हणजे पावणेतेरा मिनिटांच्या फरकातला अर्ध्याहून जास्त भाग संथपणाचा नाहीच. त्या वेळात तेच संगीत दुसऱ्यांदा वाजलं आहे.

पंधरावं व्हेरिएशन हे याचं उघड उदाहरण. १९५५मध्ये ते २ मिनिटं १७ सेकंद चालतं, १९८१मध्ये ५ मिनिटं २ सेकंद. घड्याळ पाहणारा म्हणेल, सव्वादोन पट संथ झालं. पण पहिल्यात बत्तीस बार वाजले आहेत आणि दुसऱ्यात अठ्ठेचाळीस. एका बारला पहिल्यात ४.३ सेकंद लागतात, दुसऱ्यात ६.३. फरक शे-सव्वाशे टक्क्यांचा वाटत होता, तो सत्तेचाळीस टक्क्यांवर आला. तोही लहान नाही. कानाला तो स्वच्छ जाणवतो. पण बार सत्तेचाळीस टक्क्यांनी लांबणं आणि लय निम्म्याहून खाली येणं ही वादकाबद्दलची दोन वेगळी विधानं आहेत. कोणतीही दोन मुद्रणं तुलनेला घेण्याआधी मी हातात स्वरलिपी घेऊन नुसतं ऐकतो आणि कुठे काय दोनदा वाजलं, कुठे काय गाळलं याची नोंद करतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा निघतो.

जिथे दोन्हीकडे पुनरावृत्ती नाही तिथे सरळ भागाकार करता येतो. सुरुवातीची आरिया १९५५मध्ये १ मिनिट ५३ सेकंद आणि १९८१मध्ये ३ मिनिटं ५ सेकंद चालते. शहाण्णव मात्रांनी भागलं तर पहिल्यात एका मात्रेला १.१८ सेकंद मिळतात, दुसऱ्यात १.९३. मिनिटाला एक्कावन्न मात्रांवरून लय एकतीसवर आली. इथे रूढ गोष्ट अगदी खरी ठरते. पण पाचवं व्हेरिएशन काढा. हातांची उलटसुलट झेप असलेला हा धावता तुकडा दोन्ही मुद्रणांत ३७ सेकंदांचा आहे. सव्वीस वर्षांत सेकंदाचाही फरक नाही. आणि पंचविसावं व्हेरिएशन, सगळ्या रचनेतलं सर्वांत संथ आणि सर्वांत दुःखी, १९५५मध्ये जवळपास साडेसहा मिनिटं चालतं, तर १९८१मध्ये ६ मिनिटं ३ सेकंद. म्हणजे जिथे ‘प्रौढ, अंतर्मुख’ गूल्ड सर्वांत जास्त रेंगाळेल अशी अपेक्षा होती, नेमका तिथे तो लवकर पोचतो. सगळा गूल्ड संथ झालेला नाही, हे इतक्यावरूनच दिसतं. प्रश्न उरतो तो हा : आरिया एवढी उतरली, पाचवं होतं तिथेच राहिलं आणि पंचविसावं किंचित चढलं, याला काही एक सूत्र आहे का?

सूत्र काय असावं, हे गूल्डने स्वतः सांगून ठेवलं आहे. दुसरं मुद्रण बाजारात येण्याच्या सुमारास टिम पेज या समीक्षकाशी बोलताना त्याने आपल्या जुन्या मुद्रणाबद्दल नाराजी व्यक्त केली. त्यातली व्हेरिएशन्स एकेकटी, आपापल्या लयीत वाजत होती. नव्यात त्याला सगळ्यांच्या तळाशी एकच स्पंद हवा होता. प्रत्येक तुकड्याची लय त्या स्पंदाच्या साध्या पटीत किंवा हिश्शात असावी. वादकाचं म्हणणं हा पुरावा नसतो. पण ते तपासता येईल असं विधान असतं, आणि अभ्यासकाला त्याहून चांगली गोष्ट क्वचितच मिळते.

तपासू. आरिया आणि पंचविसावं व्हेरिएशन दोन्ही बत्तीस बारची आहेत, दोन्ही तीन मात्रांची. पंचविसाव्यात मात्रा इतकी लांब आहे की कान अर्ध्या मात्रेवर ठेका धरतो. अशा अर्धमात्रा एकशे ब्याण्णव. १९८१च्या मुद्रणात ३६३ सेकंदांना एकशे ब्याण्णवने भागलं तर अर्धमात्रेला १.८९ सेकंद येतात. आरियाची मात्रा १.९३ सेकंदांची होती. दोघांत दोन टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे सुरुवातीला आरियात जो ठोका पडत होता, तोच ठोका अर्ध्या तासाहून अधिक काळाने पंचविसाव्यात पुन्हा पडतो आहे, फक्त त्यात आता निम्मी मात्रा मावते. १९५५मध्ये हाच हिशोब केला तर आरियाची मात्रा १.१८ आणि पंचविसाव्याची अर्धमात्रा २.०२ येते. त्यांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. पंचविसावं लवकर संपतं ते गूल्डला घाई झाली म्हणून नव्हे. आरिया उतरली आणि पंचविसावं चढलं, ती दोघं एका ठोक्यावर येऊन भेटावीत म्हणून, असं मी यावरून म्हणतो.

इतकं सुरेख उत्तर हाती आलं की लगेच बाकीच्या तुकड्यांतही अशी नाती शोधावीशी वाटतात, आणि नेमका इथे अभ्यास घसरतो. १९८१मध्ये पहिल्या व्हेरिएशनची मात्रा ०.७३ सेकंदांची आहे. आरियाशी तिचं प्रमाण २.६४ येतं. कोणी म्हणेल, हे तर आठास तीन! पाचव्याचं प्रमाण पाचास एक येतं. पण कोणतेही दोन आकडे घेतले तरी ते कुठल्या ना कुठल्या लहान अपूर्णांकाजवळ सापडतातच. आठास तीन, सातास पाच, नवास चार अशी सगळी दारं उघडी ठेवली, तर योगायोगही नियमासारखा दिसतो. म्हणून नियम असा ठेवावा : कोणती प्रमाणं ग्राह्य धरायची ते मोजण्याआधी ठरवायचं, आणि ती मोजकी ठेवायची. एकास एक, एकास दोन, दोनास तीन, बस. आरिया-पंचविसाव्याचं नातं या कसोटीवर टिकतं, पहिल्या व्हेरिएशनचं टिकत नाही. तिथे गूल्डचं सूत्र मोडलं असेल, किंवा ते आरियापासून नव्हे तर शेजारच्या व्हेरिएशनपासून मोजायला हवं असेल. त्याचा निकाल सरासरीवरून लागत नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची लय वेगळी मोजावी लागते, कारण शेवटी रेंगाळलेल्या दोन-तीन बारांनी सरासरी खाली ओढलेली असते.

इथून आपण रुबाटोच्या हद्दीत शिरतो. सरासरी लय सांगते की प्रवास किती वेळात झाला. वाटेत कुठे थांबणं झालं, कुठे पाय उचलले गेले, ते प्रत्येक मात्रेची जागा मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तो तयार झाला. मुद्रण लावायचं, ऐकता ऐकता प्रत्येक मात्रेला एक कळ दाबायची, की पडद्यावर त्या जागी उभी रेघ उमटते. दोन रेघांमधलं अंतर सेकंदांत मिळतं. साठला त्या अंतराने भागलं की त्या मात्रेपुरती लय मिळते, आणि असे शहाण्णव बिंदू जोडले की लयीचा आलेख तयार होतो. दोन्ही मुद्रणांचे आलेख एकाखाली एक लावताना आडव्या अक्षावर सेकंद घेत नाहीत, बारचे क्रमांक घेतात. म्हणजे सतरावा बार सतराव्याच्या खाली येतो.

कळ दाबणारं बोट मात्र माणसाचं असतं. मला रचना पाठ असली की माझं बोट स्वराच्या किंचित आधी पडतं. रचना अनोळखी असली आणि वादक अचानक थांबला, की ते उशिरा पडतं. एक-विसांश सेकंदाची चूक सरावलेल्या माणसाकडूनही होते. १९८१च्या आरियात मात्रा जवळजवळ दोन सेकंदांची असल्याने ही चूक अडीच टक्क्यांची ठरते आणि चालून जाते. पाचव्या व्हेरिएशनमध्ये मात्रा ०.३९ सेकंदांची आहे. तिथे तीच चूक तेरा टक्क्यांची होते. तेरा टक्के म्हणजे वादकाने खरोखर केलेल्या रुबाटोइतकीच किंवा त्याहून मोठी. अशा आलेखात जे दातेरी चढउतार दिसतात ते वादकाचे नसून आपल्या बोटाचे असतात. ओळखायचं कसं? तोच तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. जो चढउतार दोन्ही वेळा त्याच जागी येतो तो मुद्रणातला. जो जागा बदलतो तो आपला. मग पडद्यावर ध्वनिलहर मोठी करून प्रत्येक रेघ स्वराच्या आरंभावर हाताने सरकवायची. आरियाच्या शहाण्णव मात्रांना एक संध्याकाळ सहज लागते.

हाताने सरकवतानाही सगळीकडे एक उत्तर मिळत नाही. आरियाच्या अकराव्या बारमध्ये उजव्या हाताच्या स्वरांपुढे नागमोडी रेघ आहे. ते स्वर एकदम न वाजवता एकामागून एक उलगडायचे असतात. संथ लयीत हा उलगडा ऐसपैस होतो. मग मात्रा कुठे पडली म्हणायची : पहिल्या स्वरावर, शेवटच्या स्वरावर, की खालच्या हाताच्या स्वराबरोबर? तिन्हींपैकी काहीही निवडता येतं, पण एकदा निवडलं की दोन्ही मुद्रणांत तेच पाळायला हवं. नाहीतर आलेखात अकराव्या बारवर जो खड्डा दिसेल तो गूल्डने केलेला नसेल. मी अशा ठिकाणी खालच्या हाताला धरून चालतो, कारण आरियाची खरी ओळख खालच्या सुरांत आहे. तीसही व्हेरिएशन्स वरच्या सुरावटीवर नसून त्या खालच्या चालीवर बांधलेली आहेत.

आणखी एक पायरी आहे जी नवखा अभ्यासक हमखास विसरतो. संथ मुद्रणात प्रत्येक अंतर सेकंदांत मोठंच असणार, तेव्हा त्यातले चढउतारही सेकंदांत मोठे दिसतात आणि रुबाटो जास्त आहे असा भास होतो. म्हणून प्रत्येक मात्रेच्या लांबीला त्याच मुद्रणातल्या सरासरी मात्रेने भागतात. मग १.२ याचा अर्थ दोन्ही मुद्रणांत एकच राहतो : आपल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा वीस टक्के लांब. पंचविसाव्या व्हेरिएशनची तुलना या चाळणीतून गेल्यावरच बोलकी होते. टिम पेजशी बोलताना गूल्डने आपल्या जुन्या पंचविसाव्याबद्दल तक्रार केली होती की ते शोपँच्या नोक्टर्नसारखं ऐकू येतं. नोक्टर्नसारखं म्हणजे नक्की काय? ऐकताना मला दिसतं ते असं : १९५५मध्ये वरचा स्वर वाक्याच्या टोकाला लांबवला जातो आणि खालचे दोन आवाज त्याची वाट पाहत थांबतात, आणि प्रत्येक वाक्याला स्वतःचा श्वास मिळतो. १९८१मध्ये खालचे दोन आवाज आपली पावलं मोडत नाहीत. वरच्या सुरावटीला जी काही मोकळीक घ्यायची असेल ती त्या पावलांच्या आत घ्यावी लागते.

हा फरक लयीच्या एका आलेखात अर्धाच उतरतो. रुबाटोचे दोन प्रकार मानतात. एकात सगळंच संगीत एकत्र रेंगाळतं आणि मग सावरतं. दुसऱ्यात साथ स्थिर राहते आणि फक्त सुरावट तिच्या मागे-पुढे सरकते. मात्रेला एकच रेघ मारणारी पद्धत पहिला प्रकार पकडते, दुसरा तिच्या हातून निसटतो. त्यासाठी वरच्या आणि खालच्या आवाजांच्या रेघा दोन वेगळ्या थरांत माराव्या लागतात, आणि जिथे दोन्ही एकत्र यायला हवेत तिथे ते किती मिलिसेकंदांनी चुकले ते पाहावं लागतं. पंचविसाव्यासाठी तरी हे करावंच. तिथे एकेरी आलेखावर भागवलं तर १९८१चं वादन जितकं सपाट भासेल तितकं ते नाही.

कुठलाही फरक मोठा म्हणायचा की लहान, याला मोजपट्टी हवी, आणि गोल्डबर्गमध्ये ती आयती मिळते. आरिया शेवटी पुन्हा येते. तेच स्वर, तोच वादक, त्याच मुद्रणात. १९५५मध्ये शेवटची आरिया पहिलीपेक्षा सुमारे तेरा टक्के लांब आहे. १९८१मध्ये ती ३ मिनिटं ४२ सेकंदांची आहे, म्हणजे वीस टक्के लांब. थोडा वाटा शेवटचा स्वर विरेपर्यंतच्या वेळेचा असेल. तो वजा करायला शेवटच्या मात्रेच्या आरंभाशीच मोजणी थांबवावी. तरी एवढं कळतं की रचनेतल्या जागेमुळेच गूल्डची आरिया दहा ते वीस टक्क्यांनी हलू शकते. त्या मानाने दोन मुद्रणांतल्या पहिल्या आरियांमधला चौसष्ट टक्क्यांचा फरक खरोखर मोठा आहे. आणि पंचविसाव्यातला सात टक्क्यांचा फरक एकट्याने पाहिला तर फारसा काही सांगत नाही. त्याला वजन आलं ते त्याची दिशा अपेक्षेच्या उलट आहे आणि तो आरियाच्या ठोक्याशी जुळतो म्हणून.

तिसरं अंग, आवाजाचे चढउतार. या पद्धतीतला हा सर्वांत निसरडा भाग आहे. पडद्यावर आवाजाच्या ताकदीची रेघ डेसिबेलमध्ये मिळते आणि ती इतकी नेटकी दिसते की तिच्यावर विश्वास बसतो. पण ती रेघ गूल्डच्या बोटांची नाही. बोटं, पियानो, मायक्रोफोनची जागा, ध्वनियंत्रज्ञाचा हात आणि मुद्रिका तयार करताना केलेले बदल या सगळ्यांची ती बेरीज आहे. १९५५चं मुद्रण मोनो टेपवर आहे आणि पियानो स्टाइनवे होता. १९८१चं डिजिटल आहे आणि पियानो यामाहा. तेव्हा ‘१९५५मध्ये आरिया तीन डेसिबेल जोरात आहे’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. प्लेअरचा आवाज वाढवला तरी ते खरं होईल. अर्थ असतो तो फक्त एकाच मुद्रणाच्या आतल्या आकाराला : वाक्य कुठे फुगतं, शिखर कोणत्या बारमध्ये येतं, उतार किती लांब आहे. दोन मुद्रणांतले हे आकार एकमेकांशी ताडून पाहता येतात, आकडे नाही.

आकारही कितपत भरवशाचा, हे जोखायला गूल्डच्याच बाबतीत एक दुर्मीळ सोय आहे. १९८१मध्ये डिजिटल यंत्राबरोबर जुन्या पद्धतीची अ‍ॅनालॉग टेपही फिरत होती. १९८२ची मुद्रिका डिजिटलवरून निघाली, आणि २००२मध्ये ‘अ स्टेट ऑफ वंडर’ या नावाच्या संचात तेच वादन अ‍ॅनालॉग टेपांवरून पुन्हा काढलं. वादन एक आणि प्रती दोन. या दोन प्रतींच्या आवाजाच्या रेघा एकमेकींवर ठेवाव्यात. त्यांत जो फरक दिसेल तो गूल्डचा असूच शकत नाही, कारण वादन दोन्हीकडे तेच आहे. तेवढा फरक मग १९५५ आणि १९८१च्या तुलनेत बिनमहत्त्वाचा धरावा आणि त्याहून मोठा असेल तोच बोलण्यालायक मानावा. लयीच्या बाबतीतही अशी एक छोटी खातरजमा करता येते. टेप किंवा तबकडी एक टक्का वेगाने फिरली तर लय एक टक्का चढते आणि सूरही अर्धस्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाने चढतो. म्हणून मोजण्याआधी दोन्ही मुद्रणांची पट्टी ट्यूनरवर पाहून घ्यावी.

चढउतारांत जे सर्वांत हवंसं असतं ते मात्र या रेघेतून मिळत नाही. कॅनन ऐकताना गूल्डची खरी करामत असते ती दोन आवाजांना वेगवेगळा दाब देण्याची. पाठोपाठ येणारा दुसरा आवाज तो अशा नेमक्या ताकदीने आणतो की पहिला झाकला जात नाही आणि दुसरा हरवत नाही. एकूण ताकदीची रेघ हे दोन आवाज मिसळूनच दाखवते. तिथे कानाला पर्याय नाही. मी अशा ठिकाणी स्वरलिपीवर पेन्सिलीने खुणा करतो, दोन्ही मुद्रणांसाठी दोन रंगांत, आणि त्या खुणा दुसऱ्या जाणत्या श्रोत्याकडून, माझ्या न दाखवता, पुन्हा करून घेतो. जिथे दोघांच्या खुणा जुळतात तेवढंच लिहितो. मागे ऐकू येणारं गूल्डचं गुणगुणणंही याच रेघेत मिसळलेलं असतं. शांत जागी ती रेघ अचानक उचलली गेलेली दिसली, तर आधी ऐकावं की तिथे पियानो वाढला आहे की तो स्वतः गातो आहे.

आणि आता ‘बराचसा’ या शब्दाकडे. गूल्ड १९६४नंतर जाहीर मैफलीत बसलाच नाही. स्टुडिओ हीच आपली खरी जागा, असं तो उघडपणे मांडत असे, आणि वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे कापून जोडणं त्याला अप्रामाणिक वाटत नसे. तो ते रचनेचंच पुढचं काम मानी. तेव्हा आपण ज्याला एक वादन म्हणून मोजतो आहोत ते एका बैठकीचं असेलच असं नाही. बाराव्या आणि तेराव्या बारमध्ये लय एकदम बदललेली दिसली, तर तो रुबाटो असेल किंवा दोन टेपांचा सांधा असेल. चांगला सांधा कानाला कळत नाही. पण लयीच्या आलेखात त्याची एक खूण कधी कधी सापडते : रुबाटो येताना आणि जाताना उतार सोडतो, तर सांध्यात लय एका मात्रेतून दुसऱ्या मात्रेत पायरीसारखी पडते आणि मग त्या नव्या पातळीवरच राहते. पियानोचा मागचा नाद त्याच क्षणी अर्धवट तुटलेला दिसला, तर शंका पक्की होते. अशा जागी मी आलेखावर प्रश्नचिन्ह काढतो आणि त्या मात्रांवरून कुठलाही निष्कर्ष काढत नाही. या पुस्तकात पुढे जिथे जिथे आलेख दिले आहेत, तिथे ही प्रश्नचिन्हं तशीच ठेवली आहेत. वाचकाने ते बार स्वतः ऐकून, शक्य असेल तर मुद्रणाची दुसरी प्रत मिळवून, तपासून पाहावेत.